विक्री आठवड्यागणिक वर-खाली होते, माल एकीकडे संपतो आणि दुसरीकडे पडून राहतो: रीऑर्डर पॉइंट कुठे चुकतोय ते कसं शोधायचं

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या छोट्या दुकानांचे स्टॉकचे हिशेब मी बरीच वर्षं लावून देतोय. तक्रार जवळजवळ प्रत्येक दुकानात एकच असते. गिऱ्हाईक भाजणी मागायला येतं तेव्हा ती संपलेली असते, आणि आमसुलाची पाकिटं मुदत संपेपर्यंत फळीवरून हलत नाहीत. दुकानदार म्हणतो, "विक्रीचा काही नेम नाही हो." पण विक्रीचा नेम नसणं हा दोष नाही, ती धंद्याची रीतच आहे. दोष बहुतेक वेळा मागणी कधी द्यायची त्या आकड्यात असतो आणि तो शोधता येतो.

इंदूरच्याच सियागंजच्या घाऊक बाजारातून येणाऱ्या मालाबद्दल इथे लिहीत नाही. सकाळी फोन केला की तूरडाळ संध्याकाळपर्यंत दुकानात येते, तिच्यासाठी एवढा हिशेब लागत नाही. त्रास होतो तो पुण्याहून किंवा मुंबईहून येणाऱ्या मालाचा: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसूल, कुळथाचं पीठ. खाली एकच वस्तू शेवटपर्यंत घेतली आहे, थालीपीठ भाजणीचं अर्ध्या किलोचं पाकीट. दुकान लोकमान्य नगराजवळच्या एका काकांचं. हिशेब डोळ्यांसमोर सरळ यावा म्हणून आकडे थोडे सोपे करून घेतले आहेत.

लक्षणं

यातली दोन-तीन दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- तीच वस्तू दर दीड-दोन महिन्यांनी संपते, आणि संपते ती नवा माल यायच्या तीन-चार दिवस आधी.
- "या वेळी जास्त मागवू" म्हणून दुप्पट माल आणला, तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं.
- कधी एकाच आठवड्यात दोन बिल्ट्या येतात आणि माल ठेवायला जागा उरत नाही.
- वहीत अमुक नग शिल्लक दिसतात, फळीवर तेवढे नसतात.
- वर्षाची एकूण विक्री ठीक आहे, पण मुदत संपलेला मालही दर तिमाहीला निघतो.

दुसऱ्या लक्षणाकडे नीट बघा. माल कधी मागवायचा आणि किती मागवायचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उशिरा मागवण्याची चूक जास्त मागवून सुटत नाही. जास्त माल आणला तर संपण्याची वेळ पुढे जाते, इतकंच. त्यानंतर पुन्हा उशिराच फोन केला तर फळी पुन्हा रिकामी होणार. रीऑर्डर पॉइंट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो: शिल्लक या आकड्यावर आली की त्याच दिवशी मागणी द्यायची. त्यात दोन भाग असतात. माल येईपर्यंत सरासरीने जितका विकला जाईल तितका, आणि त्याशिवाय विक्री वाढली किंवा गाडी उशिरा आली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जास्तीचा. या दुसऱ्या भागाला सेफ्टी स्टॉक म्हणतात.

पहिली तपासणी: फळी मोजा, आणि वाटेतला मालही मोजा

याला पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या तासात होतं, म्हणून ही सगळ्यात आधी. दुकान बंद झाल्यावर भाजणीची पाकिटं हाताने मोजा आणि वहीतल्या किंवा टॅलीतल्या शिल्लकीशी ताडून बघा. वही ३५ म्हणत असेल आणि फळीवर २८ असतील, तर रीऑर्डर पॉइंट कितीही अचूक काढा, मागणी उशिराच जाणार, कारण वहीतला आकडा ठरलेल्या पातळीवर येईपर्यंत फळी कधीच तिच्या खाली गेलेली असेल. फरक बहुधा साध्या कारणांनी पडतो. घरी नेलेलं पाकीट लिहिलेलं नसतं, फाटलेलं बाजूला ठेवलेलं असतं, किंवा पावकिलोचं बिल अर्ध्या किलोच्या नावावर फाडलेलं असतं.

मग दुसरा प्रश्न: मागवलेला पण अजून न पोचलेला माल तुम्ही धरता का? रीऑर्डर पॉइंटशी ताडायचा आकडा फक्त फळीवरचा नसतो. फळीवरचा माल, अधिक वाटेतला माल, उणे कोणाला कबूल केलेला माल, एवढा मिळून तो आकडा होतो. एकाच आठवड्यात दोन बिल्ट्या येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सोमवारी मुलाने मागणी दिलेली असते, गुरुवारी वडिलांना फळी रिकामी दिसते, तेही फोन करतात. टॅलीत खरेदीची ऑर्डर वेळच्या वेळी टाकत असाल तर `Reorder Status` या अहवालात वाटेतला माल धरून किती कमी पडतंय ते दिसतं. टाकत नसाल तर कॅलेंडरवर पेनाने लिहिलेलं "भाजणी ६० मागवली, १२ तारीख" एवढंही पुरतं. बरीच दुकानं या एका तपासणीतच सुधारतात.

दुसरी तपासणी: दिवस कुठून कुठपर्यंत मोजता?

काकांना विचारलं, माल यायला किती दिवस लागतात? म्हणाले, "आठवडा." त्यांच्याकडच्या बिल्ट्या काढून बसलो. त्यांचा आठवडा पुण्याहून गाडी सुटल्यापासूनचा होता. पण गिऱ्हाइकाला माल मिळत नाही तो काळ तुम्ही फोन केल्या क्षणापासून सुरू होतो आणि पाकीट फळीवर लागल्यावर संपतो. पुण्याचा व्यापारी दोन दिवस पुरेशा मालाची वाट बघतो, मग बुकिंग होतं, गाडी धुळे-सेंधव्यावरून येते, पावसाळ्यात बिजासन घाटात अडकते, मग लोहामंडीत उतरते, तिथून हातगाडी किंवा टेम्पो मिळेपर्यंत आणखी एक दिवस जातो. हे सगळे दिवस मिळून लीड टाइम होतो.

शेवटच्या सहा खेपांची मागणीची तारीख आणि फळीवर लागल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली. दिवस आले ९, १२, ८, १६, १०, ११. सरासरी ११ दिवस. सगळ्यात वाईट खेप १६ दिवसांची. हा वर-खालीपणाही लागणार आहे, म्हणून सहाही आकडे जपून ठेवा, फक्त सरासरी नको.

यात आणखी एक काळ मिळवायचा असतो आणि तो जवळजवळ कोणीच मिळवत नाही. काका शिल्लक बघतात शनिवारी, आठवड्यातून एकदा. समजा रविवारीच शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर त्यांना ते कळेल पुढच्या शनिवारी. म्हणजे जोखमीचा काळ ११ दिवसांचा नाही, वाईटात वाईट ११ अधिक ७ म्हणजे १८ दिवसांचा. मी पूर्ण ७ दिवस धरतो. हे थोडं सावध धरणं झालं, पण छोट्या दुकानात मला ते योग्य वाटतं, कारण शनिवारी लग्नाला गेलं की तीही पाहणी चुकते.

आता काकांचा जुना नियम तपासा: "दोन आठवड्यांचा माल उरला की फोन करतो." भाजणी आठवड्याला सरासरी १५ पाकिटं जाते, म्हणजे ते ३० वर फोन करायचे. शनिवारची पाहणी धरून १८ दिवसांत सरासरीनेच साधारण ३९ पाकिटं विकली जातात. विक्री अगदी सरासरीइतकी झाली आणि गाडी वेळेवर आली, तरी ज्या खेपेला पाहणी उशिरा पडली त्या खेपेला माल संपणारच. विक्रीचा नेम नसण्याचा यात काही संबंध नव्हता.

तिसरी तपासणी: विक्रीची वही साफ करा

इथे जास्त वेळ द्या, सेफ्टी स्टॉक सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. काकांच्या वहीतले बारा आठवडे असे होते:

१४, १०, १७, ११, १६, ०, २२, १२, ८, ५१, १७, १५

याची सरासरी येते १६. दिसायला ठीक आहे. पण हे आकडे विक्रीचे आहेत, मागणीचे नाहीत, आणि आपल्याला मागणी हवी आहे.

पाचव्या आठवड्यात १६ पाकिटं गेली, पण ती गुरुवारपर्यंतच. गुरुवारी रात्री माल संपला. दुकान आठवड्याला सहा दिवस उघडं असतं, म्हणजे चार दिवसांत १६. त्याच वेगाने सहा दिवसांत २४ गेली असती, म्हणून तिथे २४ लिहिलं. सहाव्या आठवड्यातलं शून्य हे "कोणी मागितलं नाही" असं शून्य नाही, "होतंच नाही" असं शून्य आहे. तो आठवडा सरळ काढून टाकायचा. माझा नियम असा: आठवड्यात निम्म्याहून जास्त दिवस माल होता तर त्या प्रमाणात वाढवून लिहायचं, त्याहून कमी दिवस होता तर तो आठवडा सोडून द्यायचा. ही शून्यं तशीच राहिली तर एक दुष्टचक्र सुरू होतं. माल संपला म्हणून विक्री कमी दिसते, विक्री कमी दिसते म्हणून पुढच्या वेळी कमी मागवला जातो, आणि तो आणखी लवकर संपतो.

दहाव्या आठवड्यातल्या ५१ पैकी ३६ पाकिटं एकाच ताईंनी नेली होती. त्या नाश्त्याच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांनी चार दिवस आधी फोन करून सांगितलं होतं. अशी विक्री रोजच्या विक्रीत मिसळायची नाही. ताईंना सांगा, "ताई, दोन आठवडे आधी कळवा, तुमचा माल वेगळा मागवतो." त्यांच्यासाठी सेफ्टी स्टॉक लागत नाही, आधी मिळालेला निरोप पुरतो. म्हणून ५१ मधून ३६ वजा, उरले १५.

साफ केलेली वही अशी:

१४, १०, १७, ११, २४, (सोडला), २२, १२, ८, १५, १७, १५

अकरा आठवडे, बेरीज १६५, सरासरी १५. आधीची १६ आणि आताची १५ यांत फारसा फरक नाही, आणि नेमकी इथेच फसगत होते. एक चूक सरासरी खाली ओढत होती आणि दुसरी वर, दोघी एकमेकींत मिटून गेल्या. पण आठवडा सरासरीपासून साधारण किती लांब जातो तो आकडा, म्हणजे प्रमाण विचलन, कच्च्या वहीत १२.३ येतं आणि साफ वहीत फक्त ४.९. सेफ्टी स्टॉक या आकड्यावर ठरतो, सरासरीवर नाही. कच्च्या वहीवरून काढला तर सेफ्टी स्टॉक जरुरीच्या दुप्पट निघतो आणि तीच पाकिटं पुढे मुदत संपून पडतात.

राजवाड्याजवळ दुकान असेल तर रंगपंचमीच्या गेरीचा दिवस, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा दिवस, असे बंद गेलेले दिवसही याच रीतीने धरा.

चौथी तपासणी: आता सेफ्टी स्टॉक काढा

प्रमाण विचलन हाताने काढायचं तर प्रत्येक आठवड्यातून १५ वजा करा, फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. इथे बेरीज २३८ येते. आठवडे अकरा, म्हणून एक कमी करून १० ने भागा, २३.८. त्याचं वर्गमूळ ४.९. तसंच सहा खेपांच्या दिवसांचं काढलं तर २.८ दिवस येतं.

मग एककं जुळवा. विक्री आठवड्यात आहे आणि लीड टाइम दिवसांत. सगळं आठवड्यांत आणा: १८ दिवस म्हणजे २.५७ आठवडे, आणि २.८ दिवस म्हणजे ०.४ आठवडा. आकडा विचित्र आला की मी पहिल्यांदा हीच जागा बघतो. उत्तर तिप्पट-चौपट वाटत असेल तर कुठेतरी दिवस आणि आठवडे मिसळले आहेत असं समजा.

सेफ्टी स्टॉकमध्ये दोन अनिश्चितता एकत्र येतात. विक्रीची: २.५७ गुणिले २३.८, म्हणजे साधारण ६१. गाडीची: सरासरी विक्री १५ चा वर्ग गुणिले ०.४ चा वर्ग, साधारण ३६. दोन्ही मिळवून ९७ च्या आसपास, त्याचं वर्गमूळ जवळपास ९.९. हे वर्गमूळ का, असं विचारतात. तीन आठवड्यांत एक तेजीचा असला तर एखादा मंदीचाही असतो, दोघांचं काही अंशी परस्पर भरून निघतं, म्हणून काळ अडीच पट झाला तरी चढ-उतार अडीच पट होत नाही.

या ९.९ ला किती पटीने गुणायचं ते तुमच्या निर्णयावर आहे. १.२८ ने गुणलं तर १०० खेपांपैकी ९० खेपांत माल पुरेल, १.६५ ने ९५ खेपांत, २.०५ ने ९८ खेपांत. भाजणीसाठी १.६५ घेतलं: १६.३, वर धरून १७ पाकिटं. रीऑर्डर पॉइंट म्हणजे १५ गुणिले २.५७, साधारण ३८.६, अधिक १६.३. एकूण ५५.

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये विक्री `B2:B13` मध्ये आणि खेपांचे दिवस `C2:C7` मध्ये टाका. सोडलेल्या आठवड्याची चौकट रिकामी ठेवा, तिथे शून्य लिहू नका. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य मात्र धरलं जातं. मग `E1` पासून `E6` पर्यंत एकाखाली एक:

```
=AVERAGE(B2:B13)
=STDEV.S(B2:B13)
=STDEV.S(C2:C7)
=AVERAGE(C2:C7)+7
=1.65*SQRT((E4/7)*E2^2+E1^2*(E3/7)^2)
=ROUNDUP(E1*E4/7+E5,0)
```

`E5` म्हणजे सेफ्टी स्टॉक, `E6` म्हणजे रीऑर्डर पॉइंट. कच्ची वही तशीच टाकली असती तर याच सूत्राने सेफ्टी स्टॉक ३४ आणि रीऑर्डर पॉइंट ७६ दाखवला असता. म्हणून वही साफ करण्याआधी सूत्राला हात लावू नका.

"९५ खेपा" याचा अर्थ नीट लक्षात ठेवा. शंभरातल्या ९५ गिऱ्हाइकांना माल मिळेल असा तो नाही. पुण्याचा व्यापारी कमीत कमी ६० पाकिटं देतो, ती चार आठवडे पुरतात, म्हणजे वर्षाला तेरा खेपा. शंभरात पाच खेपा चुकणं म्हणजे अशा दुकानात वर्षाला सरासरी एकदासुद्धा नाही. एवढं पुष्कळ झालं. सगळ्याच वस्तूंना २.०५ लावायचा हट्ट मी करत नाही. जी वस्तू नसली की गिऱ्हाईक पूर्ण सामानाची यादीच दुसऱ्या दुकानात घेऊन जातं, तिला जास्त पट द्या. जिच्याऐवजी ते दुसरं काही घेतं, तिला १.२८ पुरे.

मुदतही लगेच तपासा. नवा माल लागतो तेव्हा फळीवर साधारण १७ अधिक ६०, म्हणजे ७७ पाकिटं असतील, पाच आठवड्यांचा माल. पाकिटावर चार महिन्यांची मुदत असेल आणि त्यातला एक महिना पुण्यातच गेला असेल, तरी निभतं. हा हिशेब आठ-दहा आठवड्यांवर जायला लागला तर सेफ्टी स्टॉकला हात न लावता एका खेपेची संख्या कमी करून घ्या.

काही जणांकडे दुसरं सूत्र असतं: सगळ्यात मोठा आठवडा गुणिले सगळ्यात मोठा उशीर. इथे २४ गुणिले २३ दिवस, ७ ने भागून, रीऑर्डर पॉइंट ७९ येतो. त्यात धरलेलं असतं की सगळ्यात तेजीचा आठवडा लागोपाठ तीनदा येईल आणि नेमकी तेव्हाच गाडीही सगळ्यात उशिरा येईल. खिळे-स्क्रू विकत असाल तर चालेल. पिठाला हे सूत्र लावू नका.

आकडा मोठा वाटतोय आणि पैसा अडकतोय असं वाटलं तर पहिला इलाज फुकट आहे: शिल्लक रोज बघा. पाहणी आठवड्याऐवजी रोज झाली की १८ दिवसांचे १२ होतात आणि रीऑर्डर पॉइंट ५५ वरून ४१ वर येतो, तोही तितक्याच खात्रीने. रोज सगळा माल मोजायची गरज नाही. फळीवर मागून मोजून ४१ वं पाकीट येतं तिथे लाल चिठ्ठी लावा. चिठ्ठी उघडी पडली की फोन करायचा, मग गल्ल्यावर कोणीही बसलेलं असो. फक्त आधीच माल मागवलेला असेल तर चिठ्ठीवर तसं लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या तपासणीतली दुहेरी मागणी पुन्हा होईल.

पाचवी तपासणी: हे सूत्र तुमच्या वस्तूला बसतं का?

ही सगळ्यात अवघड. सूत्र धरून चालतं की प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्यापासून स्वतंत्र आहे आणि विक्री एका सरासरीभोवती फिरते. ते खरं आहे का हे बघायला कागद-पेन्सिल पुरते. साफ वहीतल्या लागोपाठच्या तीन-तीन आठवड्यांच्या बेरजा मांडा: ४१, ३८, ५२, ५७, ५८, ४२, ३५, ४०, ४७. (सोडलेल्या आठवड्याच्या दोन्ही बाजू इथे जोडून घेतल्या आहेत.) सगळ्यात मोठी बेरीज ५८, तीही पूर्ण २१ दिवसांची. आपला काळ १८ दिवसांचा आणि आकडा ५५. दोन्ही एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणजे सूत्र बसतंय. या बेरजांमधली मोठी बेरीज तुमच्या रीऑर्डर पॉइंटच्या दीडपट निघाली, तर तेजीचे आठवडे झुंडीने येतात असं समजा आणि सूत्राऐवजी त्या बेरजेवर विश्वास ठेवा.

सणाच्या वस्तू या सूत्रात बसत नाहीत. मोदकाचं पीठ वर्षभर आठवड्याला दोन-तीन पाकिटं जातं आणि गणपतीच्या आधी एकदम उसळतं. त्याची वर्षाची सरासरी काढली तर ती वर्षातल्या एकाही आठवड्याला लागू पडत नाही. अशा वस्तूचे दोन हिशेब ठेवा. वर्षाचा साधा हिशेब सणाचे आठवडे वगळून करा, आणि सणाची एकच खेप गेल्या वर्षीच्या आकड्यावरून वेगळी मागवा. गेलं वर्ष बघताना तारखेने बघू नका, तिथीने बघा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. संगणकात "गेल्या वर्षीचा हाच आठवडा" बघून मागवणाऱ्याचं पीठ अडीच आठवडे आधी येऊन पडेल.

आठवड्याला एखादंच पाकीट जाणाऱ्या वस्तूंनाही हे सूत्र लावू नका. कुळथाचं पीठ दोन आठवडे शून्य, मग एकदम चार, असं जात असेल तर सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही दिशाभूल करतात. तिथे गेल्या वर्षभरातल्या तीन-तीन आठवड्यांच्या बेरजा काढा, आणि सगळ्यात मोठीच्या लगेच खालची बेरीज रीऑर्डर पॉइंट म्हणून घ्या. आणि विक्री सरळ चढत किंवा उतरत असेल, म्हणजे शेवटचे चार आठवडे आधीच्या आठांपेक्षा स्पष्ट वेगळे असतील, तर बारा आठवड्यांची सरासरी जुनाच काळ दाखवते. शेवटचे सहा घ्या आणि महिन्याभराने पुन्हा मोजा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मोजणी आणि वही लागोपाठ तीन महिने जुळली नाहीत, आणि फरक नेहमी कमीचाच निघाला, तर रीऑर्डर पॉइंट बदलत बसू नका. हिशेबनीसाकडून खरेदीची बिलं, विक्रीची बिलं आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ घालून घ्या. माल चोरीला जातोय की नोंद चुकतेय, हे यावरच कळेल, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला काही बोलण्याआधी हा मेळ हातात असलेला बरा.

मुदत संपलेला माल फेकायचा झाला तर आधी तुमच्या सीएंना विचारा. जीएसटी कायद्यात कलम १७(५) प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. ती नोंद कधी आणि कशी करायची हे ऐकीव माहितीवरून ठरवू नका.

दुकानावर बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा असेल आणि दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जात असेल, तर माल एकदम कमी करण्याआधीही सीएंशी बोला. उचल करता येणारी रक्कम त्या स्टेटमेंटमधल्या मालावर ठरते. भाजणीचे ७६ चे ५५ झाले तर काही बिघडत नाही, पण अशा शंभर वस्तू एकाच महिन्यात कमी केल्या तर मर्यादाही खाली येऊ शकते. दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी करा आणि बँकेला आधी कळवा.

दुसरी शाखा उघडली, माल एका दुकानातून दुसऱ्यात फिरू लागला, किंवा वस्तू पाचशेच्या पुढे गेल्या, तर ही रीत शीटवर पेलत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसाला बोलवा, पण त्याच्या हाती साफ केलेली वही द्या. कच्ची दिली तर त्याचं सॉफ्टवेअरही ७६ च दाखवेल.

आकडे दर तीन महिन्यांनी पुन्हा काढा: नवे बारा आठवडे, शेवटच्या सहा खेपा. भाजणी आणि मसाल्यासाठी मी हे पावसाळा सुरू होण्याआधी एकदा आवर्जून करतो, कारण घाटातला उशीर जूननंतर वाढतो आणि तो हिशेबात यायला पहिल्या दोन उशिरा खेपांची वाट बघणं परवडत नाही. त्या तिमाहीसाठी गेल्या पावसाळ्यातल्या खेपांचे दिवस घ्या.